गाळा भाड्याचा, जीएसटी भाडेकरूचा

श्रोतेहो, नमस्कार. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात बसणारे उद्योजक किती आणि भाड्याने बसणारे किती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भाड्याच्या गाळ्याचा मालक बहुतेकदा कुणी निवृत्त गृहस्थ असतो. महिन्याचं भाडं घेणं एवढाच त्याचा गाळ्याशी संबंध. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत, म्हणून त्याची जीएसटी नोंदणी नसते, आणि कायद्याने त्याला ती लागतही नाही. भाडेकरू मात्र नोंदणीकृत. आज बोलायचं आहे ते या जोडीबद्दल.

आधी एक गैरसमज दूर करू. नोंदणी नसलेल्या माणसाकडून काहीही घेतलं की रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच कर सरकारला भरायचा, असं अजून पुष्कळ जण धरून चालतात. जीएसटी आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, नियम जवळपास तसाच होता, फक्त दिवसाला पाच हजारांपर्यंतची सूट होती. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तो स्थगित झाला. आज हा सरसकट नियम बिल्डरांसारख्या ठरावीक वर्गापुरताच उरला आहे. म्हणजे गाळ्यात वायरिंग करून देणारा इलेक्ट्रिशियन किंवा खालचा चहावाला नोंदणीकृत नसला, तरी त्याच्या बिलावर तुम्ही काही भरायचं नाही.

भाड्याचं तसं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेची ५४वी बैठक झाली आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेचं भाडं वेगळ्या यादीत गेलं. मालक नोंदणी नसलेला आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा अठरा टक्के कर भाडेकरूने थेट सरकारला भरायचा.

आता हिशेब करू. वागळे इस्टेटमधला एक जॉब-वर्कचा गाळा घ्या, भाडं महिना चाळीस हजार. अठरा टक्के म्हणजे ७,२०० रुपये. मालक आणि गाळा दोन्ही महाराष्ट्रातले, म्हणून ३,६०० केंद्राचे आणि ३,६०० राज्याचे. इथे मालकांशी पहिला खटका उडतो. "अहो, मी जीएसटीत नाही, मग माझ्या भाड्यातून का कापता?" कापायचंच नाही! टीडीएस भाड्यातून कापतात, हा कर भाड्याच्या वर असतो. "काका, तुमचे चाळीस हजार पूर्ण मिळणार, हे सात हजार दोनशे आमच्या खिशातून जाणार," असं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलेलं बरं.

दुसरा प्रश्न बिलाचा. काका कर लावून बिल देऊ शकत नाहीत, म्हणून बिल भाडेकरूने स्वतःच बनवायचं. यालाच सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. त्यावर काकांचं नाव-पत्ता, तुमचा जीएसटी क्रमांक, तुमच्या मालिकेतला अनुक्रमांक, तारीख, सेवेचा कोड 997212, भाडं, दोन्ही करांची रक्कम आणि 'कर रिव्हर्स चार्जने देय' हा उल्लेख असतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून सेवा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत हे बिल बनलंच पाहिजे. भाडं देताना पेमेंट व्हाउचरही करायचं असतं. कर कोणत्या महिन्याचा, हे भाडं दिल्याची तारीख किंवा सेल्फ इन्व्हॉइसची तारीख, यांतली जी आधी येईल तिच्यावरून ठरतं. भाडं द्याल त्याच दिवशी बिल काढा, मग तारखांचा घोळच उरत नाही.

आता रिटर्न. GSTR-3B मध्ये 3.1(d) हा रकाना रिव्हर्स चार्जसाठी आहे. तिथे चाळीस हजार आणि त्यावरचा कर टाकायचा. इथे लोक अडतात ते असे, की क्रेडिट लेजरला, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या खात्यात, पन्नास हजार शिल्लक दिसत असतात आणि तरी पोर्टल पैसे मागतं. रिव्हर्स चार्जचा कर क्रेडिटमधून वळता होत नाही, रोखीनेच भरावा लागतो. म्हणून चलन करून ७,२०० रुपये कॅश लेजरला टाकायचे आणि तिथून भरायचे. त्याच रिटर्नमध्ये 4(A)(3) या रकान्यात तेवढंच क्रेडिट घेता येतं, अर्थात जागा करपात्र कामासाठी वापरत असाल तर. म्हणजे पैसे एका हाताने दिले आणि विक्रीवरच्या करात दुसऱ्या हाताने वळते करून घेतले. जॉब-वर्कवाल्याचं शेवटी नुकसान काही नाही, फक्त महिन्याला सात हजारांची रोकड आधी बाहेर पडते.

मग सरकारला मिळालं काय, असं कुणी विचारेल. उत्तर वाशीच्या एखाद्या उपाहारगृहात आहे. पाच टक्के दराने कर घेणाऱ्या रेस्टॉरंटला क्रेडिट मिळत नाही. जागेचं भाडं साठ हजार असेल, तर दरमहा १०,८०० रुपये निव्वळ खर्च, वर्षाला १,२९,६००. हॉटेल काढणाऱ्याने भाड्याची बोलणी करतानाच हा आकडा धरावा. हेच उपाहारगृह लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल, तर १६ जानेवारी २०२५ पासून भाड्यावर रिव्हर्स चार्ज नाही.

चूक झाली तर? समजा आपल्या जॉब-वर्कवाल्याने एप्रिल ते सप्टेंबर २०२५ हे सहा महिने विसरले आणि २० नोव्हेंबरला ऑक्टोबरच्या रिटर्नबरोबर सगळं भरलं. थकलेला कर ४३,२०० रुपये. वर्षाला अठरा टक्क्यांनी ७,२०० रुपयांवर महिन्याला साधारण १०८ रुपये व्याज होतं. एप्रिलचा कर सहा महिने उशिरा, मेचा पाच, असं करत सप्टेंबरचा एक. म्हणजे एकूण एकवीस महिन्यांचं, सव्वादोन हजारांच्या आसपास व्याज. कराचं क्रेडिट मिळतं, कारण जून २०२४ च्या परिपत्रकानुसार सेल्फ इन्व्हॉइस ज्या आर्थिक वर्षात काढलं, त्या वर्षावरून क्रेडिटची मुदत मोजतात. व्याज मात्र गेलं ते गेलं, आणि बिल उशिरा काढल्याबद्दल दंडाची टांगती तलवार वेगळीच.

ही चूक तपासात सापडायला फार काही लागत नाही. नफा-तोटा पत्रकातलं भाडं आणि वर्षभराच्या 3.1(d) मधली रक्कम शेजारी ठेवली की फरक दिसतो. तेव्हा अधिकाऱ्याच्या आधी आपणच मार्चमध्ये ती जुळवणी करावी, हे उत्तम. आणखी दोन गोष्टी. मालकाला दिलेली बिनव्याजी, परत मिळणारी अनामत यात धरायची नाही. आणि राहता फ्लॅट धंद्यासाठी भाड्याने घेतला असेल, तर तिथे जुलै २०२२ पासूनच रिव्हर्स चार्ज आहे. मालक नोंदणीकृत असला, नसला, तरीही.

शेवटी, मालकाची नोंदणी नाही हे गृहीत धरू नका. पोर्टलवर पॅनवरून शोध घेता येतो, करार करताना आणि वर्षातून एकदा तरी पाहून ठेवा. काकांचे आणखी दोन गाळे भाड्याने गेले, नोंदणी झाली, की ती लागू झालेल्या तारखेपासून बिल ते देतील, कर ते भरतील आणि तुमचं सेल्फ इन्व्हॉइस बंद. त्या महिन्यात दोघांनीही कर भरला, तर निस्तरायला दोघांच्याही सीएंचा वेळ जातो.