पूजेतलं धोतर-उत्तरीय नेमकं कसं सांगायचं?

नमस्कार. नागपुरात, महाल भागातल्या एका घरी सत्यनारायणाची पूजा आहे. यजमान पाटावर बसलेत. त्यांचा फोटो तुमच्यासमोर आहे आणि खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. 'काकांनी सिल्कची धोती घातली आहे आणि खांद्यावर शाल आहे.' असं सर्रास लिहिलं जातं, पण त्यात बरंच चुकतं.

धोतर घालत नाहीत, नेसतात. ते न शिवलेलं, साधारण चार ते साडेचार मीटरचं सलग वस्त्र. कमरेला गाठ मारून एक पदर पायांमधून मागे नेऊन खोचला की झाला कासोटा. उरलेल्या पदराच्या निऱ्या घालून त्या पुढे, नाभीखाली खोचतात. कासोटा दिसत असेल तर तसं लिहा, कारण लुंगीला तो नसतो. आणि निऱ्या शिवून पट्टा लावलेलं तयार धोतर असेल, तर 'शिवलेलं धोतर' म्हणा. त्यात कमीपणा नाही.

आता कापड. चमक दिसली की रेशीम, असं धरू नका. आपल्या विदर्भातलं कोसा रेशीम जवळून बघा: रंग मधासारखा, चमक मंद, आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक. चमक सगळीकडे सारखी आणि सूत एकसारखं असेल तर तो बहुधा कोसा नाही, कृत्रिम धागाही असू शकतो. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असेल तर 'करवती काठ' लिहा. खात्री नसेल तर 'फिकट पिवळं, लाल काठाचं धोतर' एवढं पुरे.

सर्वांत जपायची गोष्ट उत्तरीयाची, म्हणजे उपरण्याची. देवकार्यात ते डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली घेतात, त्याला सव्य म्हणतात. उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य, आणि ते पितृकार्यासाठी. मंगल पूजेच्या फोटोखाली 'उजव्या खांद्यावर' लिहिलंत तर घरच्यांना ते खटकणारच.

ही चूक होते कुठे? बऱ्याच फोनचा समोरचा कॅमेरा फोटो उलटा जतन करतो. मग डावा खांदा उजवा दिसतो. लिहिण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं बघा. ती उलटी असतील तर फोटो आडवा उलटवून घ्या, मगच लिहा. आणि डावं-उजवं नेहमी यजमानांचं, बघणाऱ्याचं नाही.

अंगात सदरा नसेल तर 'उघडे' लिहू नका. 'अंगावर फक्त उपरणं आहे' म्हणा. जानवं दिसलं तरी त्यावरून जात सांगू नका.

तर आपल्या फोटोखाली असं येईल: 'यजमानांनी करवती काठाचं कोशाचं धोतर नेसलं असून मागे कासोटा, पुढे निऱ्या आहेत. पांढरं उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली घेतलं आहे.'