खांब आधीचे, कमान नंतरची

मंडळी, समोरच्या फोटोत घोटीव, कातलेले दगडी खांब दिसतात आणि त्यांच्यावर टोकदार कमान आहे. असा फोटो आला की बहुतेक जण खांब पाहून 'बाराव्या शतकातलं' असं ठोकून देतात. घाई करू नका.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली सफा मशीद घ्या. असदखानाने ती 1519 मध्ये बांधली, पण तिच्या खांबांपैकी दोन खांबांवर नागरी लिपीतले कन्नड शिलालेख आहेत. एक 1199 चा, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा. दुसरा 1261 चा, यादव राजा कृष्ण याचा. म्हणजे ते खांब दुसऱ्या वास्तूचे, इथे पुन्हा वापरलेले. नुसत्या खांबांवरून काळ सांगितला, तर अडीचशे वर्षांहून जास्त चूक होते.

त्याच किल्ल्यातली 1204 ची कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, पाहिली की फरक कळतो. तिथे छताचा भार दगडी तुळयांवर आहे. आडव्या तुळईचा खालचा भाग ताणला जातो आणि दगडाला ताण सोसत नाही, म्हणून खांब जवळजवळ ठेवावे लागतात. खऱ्या कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे दोन खांबांमधला गाळा रुंद करता येतो. मात्र बाजूला जोर बसतो, तो पेलायला भिंत जाड लागते.

आता फोटोत काय शोधायचं? आधी गिलावा पडलेली जागा. सांधे कमानीच्या मध्याकडे वळत असतील तर ती खरी कमान. ते आडवेच राहून प्रत्येक थर थोडा पुढे आला असेल तर ती नुसती कमानीच्या आकाराची रचना. मग खांबांकडे या. खालचे ओटे कमी-जास्त उंचीचे, नक्षी मध्येच तुटलेली, माथ्यावर बारीक दगड भरून उंची साधलेली, अशा खुणा असतील तर खांब बाहेरून आणलेले असण्याची शक्यता फार मोठी. एकच खूण पुरेशी नाही, दुरुस्तीतही असं होतं.

वय ठरवायला दगडाचा उपयोग मर्यादित. खानापूरकडे जांभा आजही काढतात, त्यामुळे जांभ्याच्या भिंतीवरून वय ठरत नाही. सांध्यात करडं सिमेंट दिसलं, तर तेवढी दुरुस्ती बहुधा विसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची, भिंत नव्हे.

कमानीचा आकार मोजायचा तर फोटो समोरून, कॅमेरा सरळ धरून काढलेला हवा. वर तोंड करून काढला की उभ्या रेषा आत झुकतात आणि आकार बिघडतो. छापील प्रतीवर गाळा 80 मिलिमीटर आणि कमान सुरू होते तिथपासून माथा 40 मिलिमीटर भरला, तर अर्धवर्तुळ धरायला हरकत नाही. 55 भरला तर ती उंच, बहुधा टोकदार. सुलतानी काळात टोकदार कमानी सर्रास दिसतात, पण ब्रिटिश काळातल्या चर्चनीही तोच आकार उचलला. म्हणून आकारासोबत सांधे आणि खांब पाहायचेच.

खांबावर अक्षरं असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात वेगळा फोटो काढा. त्या लेखाची तारीख खांबाला लागू होते, कमानीला नाही.