तारखेसारखी दिसते, पण तारीख नाही

(पडद्यावर लाइन चार्ट. रेघ सुरुवातीला हळूहळू उतरते आणि शेवटी एकदम खाली जाते.)

हा एक्सेलमध्ये काढलेला वजनाचा चार्ट आहे. एका माणसाने जानेवारी ते एप्रिल २०२४ या काळात स्वतःचं वजन केलं आणि ८ नोंदी ठेवल्या. चार्ट पाहून कुणीही म्हणेल, जानेवारीत फारसं काही घडलं नाही, मार्च-एप्रिलमध्ये मात्र वजन झपाट्याने उतरलं.

प्रत्यक्षात ते चारही महिने एकाच गतीने उतरत होतं, आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. आकडे बरोबर आहेत. गडबड खालच्या आडव्या अक्षावर आहे.

(कॅमेरा अक्षाजवळ जातो.)

नोंदी केव्हाच्या आहेत ते पाहू. जानेवारीत ३, १०, १७, २४ आणि ३१ तारखेला, म्हणजे दर आठवड्याला. मग उत्साह ओसरला असावा. पुढच्या नोंदी १४ फेब्रुवारी, १५ मार्च आणि ३० एप्रिल. सुरुवातीला दोन नोंदींमध्ये ७ दिवसांचं अंतर आहे, शेवटच्या दोन नोंदींमध्ये ४६ दिवसांचं. पण चार्टवर दोन्ही अंतरं अगदी सारखी दिसतात.

कारण एक्सेल इथे दिवस मोजतच नाही, तो ओळी मोजतो. पहिली ओळ पहिल्या जागी, दुसरी दुसऱ्या जागी, आणि प्रत्येक जागा सारख्याच रुंदीची. जानेवारीच्या ५ नोंदी आहेत म्हणून अर्ध्याहून जास्त अक्ष जानेवारीने अडवला, आणि मार्चच्या वाट्याला एकच जागा आली. खरं तर ३ जानेवारी ते ३० एप्रिल या ११८ दिवसांत जानेवारीच्या नोंदी पहिल्या २८ दिवसांत संपतात, पाव भागाच्याही आत. महिने असे वेडेवाकडे पसरतात ते यामुळे. आणि ४६ दिवसांत उतरलेलं अडीच किलोहून जास्त वजन एका आठवड्याएवढ्या जागेत कोंबलं, की रेघ कोसळल्यासारखी दिसणारच.

अशा अक्षाला एक्सेलमध्ये Text axis म्हणतात. वापरणाऱ्याने तो निवडलेला नव्हता. एक्सेलने आपणच ठरवलं, कारण त्याला त्या कॉलममध्ये तारखांऐवजी मजकूर दिसला.

(पडद्यावर एकच सेल.)

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक साधा आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून दिवस मोजत आलं की ३ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९४. दिवस, महिना, वर्ष हा सगळा वरचा पोशाख. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम जपली गेली, आणि ती आजही तिथेच आहे.) सेलमध्ये आकडा असेल तर दोन तारखांमधलं अंतर वजाबाकीने निघतं. सेलमध्ये नुसती अक्षरं असतील तर वजा कशातून काय करणार?

मग अक्षरं आली कुठून? ही फाइल सीएसव्ही होती, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर. तीत तारखा आधी दिवस, मग महिना अशा लिहिलेल्या होत्या. ती उघडली त्या कॉम्प्युटरची सेटिंग मात्र अमेरिकी पद्धतीची होती, आधी महिना, मग दिवस. उघडल्यावर कॉलम असा दिसला:

```
  3/1/2024
 10/1/2024
17/01/2024
24/01/2024
31/01/2024
14/02/2024
15/03/2024
30/04/2024
```

नीट पाहा. खालच्या ६ ओळींत महिन्याआधीचा शून्य शाबूत आहे, वरच्या दोन ओळींत तो गायब झालाय. तिसऱ्या ओळीशी एक्सेल अडला. सतरावा महिना नसतो, म्हणून त्याने ती अक्षरं जशीच्या तशी ठेवली, आणि खालच्या ओळींचंही तेच झालं. पहिल्या दोन ओळी मात्र त्याला कळल्या, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. ३ जानेवारीचा झाला १ मार्च, १० जानेवारीचा झाला १ ऑक्टोबर. कुठेही इशारा नाही, लाल खूण नाही. मजकूर राहिलेल्या तारखा निदान चार्ट बिघडवून स्वतःला उघड्या पाडतात. उलटलेल्या तारखा गुपचूप बसून राहतात.

(कॉलम रुंद केला जातो.)

ओळखायचं कसं? सेलचं अलाइनमेंट कुणी बदललेलं नसेल, तर आकडा उजवीकडे टेकतो आणि मजकूर डावीकडे. खात्री करायची असेल तर रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

```
=COUNT(A2:A9)
```

COUNT फक्त आकडे मोजतं. इथे उत्तर ८ यायला हवं होतं. आलं २.

इथे बहुतेक जण आधी सेलचं फॉरमॅट बदलून Date करतात. काहीच होत नाही. फॉरमॅट आकड्याला पोशाख चढवतं, अक्षरांचा आकडा करत नाही. चार्टमध्ये Date axis निवडूनही हाती काही लागत नाही, कारण त्या अक्षामागे उभा राहायला आकडाच नसतो.

मूळ फाइल हाताशी असेल तर ती पुन्हा आणणं सगळ्यात चांगलं. आणताना त्या कॉलमसाठी DMY, म्हणजे दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगायचा. मूळ फाइल हरवली असेल तर शेजारच्या कॉलममध्ये हे सूत्र:

```
=IF(ISNUMBER(A2),
 DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

सेलमध्ये आकडा असेल तर ती तारीख उलटलेली आहे असं धरून सूत्र दिवस आणि महिना पुन्हा जागेवर आणतं. मजकूर असेल तर अक्षरं मोजून त्यातून तारीख जुळवतं. पण जपून. याच कॉलममध्ये नंतर कुणी हाताने बरोबर तारीख टाकली असेल, तर हे सूत्र तिचीही उलटापालट करेल. आणि मजकुराच्या शेवटी एखादी न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असेल, तर RIGHT चुकीची ४ अक्षरं उचलेल. म्हणून सूत्र लावल्यावर COUNT पुन्हा चालवायचं आणि पहिली व शेवटची तारीख डोळ्यांनी तपासायची.

(नवा कॉलम चार्टला जोडला जातो.)

आता अक्षावर राइट क्लिक, Format Axis, आणि Axis Type मध्ये Date axis. Major मध्ये, म्हणजे दोन खुणांमधल्या अंतरासाठी, १ महिना. त्याच्या जवळच Base आहे, ते Days ठेवायचं. चुकून Months राहिलं तर जानेवारीचे पाचही बिंदू एकाच उभ्या रेषेवर येतात, आणि आपण पुन्हा डोकं खाजवत बसतो.

कुणी म्हणेल, मग स्कॅटर चार्टच का नको? चालेल, त्यात अंतरं आकड्यांवरूनच ठरतात. पण त्याला महिना माहीत नाही. खुणांमधलं अंतर ३० दिवस दिलं, तर पहिली खूण १ जानेवारीला, दुसरी ३१ जानेवारीला, तिसरी १ मार्चला पडते. फेब्रुवारीत एकही खूण नाही.

(पडद्यावर दुरुस्त झालेला लाइन चार्ट.)

जानेवारीचे ५ बिंदू आता डावीकडे दाटीने बसलेत. पुढचे तीन दूर दूर गेलेत, आणि रेघ ८२ किलोपासून ७५.३ किलोपर्यंत जवळपास सरळ उतरते. फेब्रुवारीचा पट्टा अजूनही इतरांपेक्षा किंचित अरुंद आहे. तो तसाच असू द्या. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा होता.