पाठमोरी आजी

(अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. इथे बसलेल्या बहुतेकांनी टर्नअराउंड शीट काढलेली आहे, निदान काढताना कुणाला तरी पाहिलेलं आहे. त्यामुळे समोरून, बाजूने आणि मागून अशी एकाच पात्राची तीन चित्रं एका ओळीत का उभी करतात, हे मी सांगत बसत नाही. मला आज बोलायचंय ते हातात एकच फोटो असतो तेव्हाच्या कामाबद्दल. एका फोटोतून तीन बाजू काढायच्या म्हणजे त्यातली दीड बाजू आपण आपल्या मनाने काढत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मनाने काढलेली रेघ शीटवर तशी ओळखू आली पाहिजे. हे मी का म्हणतो, त्यासाठी एका आजींची गोष्ट सांगावी लागेल.

एका कुटुंबाला त्यांच्या आजीवर छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करून हवी होती. आजी खानावळ चालवायच्या. त्यांचा उभ्याचा, पूर्ण दिसणारा असा एकच फोटो घरात होता. कृष्णधवल, घराच्या पायरीपुढे काढलेला, नऊवारी नेसलेल्या, पदर उजवीकडे कमरेला खोचलेला, नजर सरळ कॅमेऱ्यात. फोटो इतका सुरेख होता की समोरची बाजू आमच्या स्टुडिओतल्या एका मुलाने एका दिवसात काढली. बाजूची दुसऱ्या दिवशी. मागची बाजू दुपारच्या चहाआधी झाली, आणि तिथेच आमचं चुकलं. मागची बाजू चटकन झाली की मी आता थांबून बघतो, कारण तिला आधार देणारं काहीच समोर नसतं. चटकन झाली याचा अर्थ कुणीतरी काहीतरी गृहीत धरलेलं असतं.

त्या मुलाने सहावारी साडी रोज पाहिलेली. त्याने मागून आजींना सहावारीच नेसवली. कमरेपासून घोट्यापर्यंत एक सलग घेर, परकरासारखा. शीट मंजूर झाली, सही माझी होती. मग अ‍ॅनिमेशन सुरू झालं. फिल्ममध्ये आजी वारंवार पाठ करून स्वयंपाकघरात जातात, कारण खानावळीतली बाई पाहुण्यांकडे पाठ करूनच जास्त वेळ असते. पाठमोऱ्या शॉट्सची बेरीज वीस सेकंदांची. आम्ही एक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे दोनशे चाळीस चित्रं.

पेन्सिल टेस्ट दाखवायला कुटुंबाला बोलावलं. त्यांच्यात एक आत्या होत्या, आजींची मुलगी. समोरचे शॉट बघताना त्यांचे डोळे भरून आले. मग आजी वळल्या आणि आत चालत गेल्या. आत्या म्हणाल्या, "थांबवा. ही आई नव्हे. कासोटा कुठाय?"

आम्ही थांबवलं. आत्या उठल्या, खुर्ची बाजूला सारली आणि आपल्या साडीवरूनच हाताने दाखवायला लागल्या. इथून गाठ, इथे निऱ्या, आणि मधला भाग पायांमधून मागे घेऊन कमरेला खोचायचा. तो खोचलेला पट्टा मागून बरोबर मध्यावर दिसतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापड मांड्यांवरून वेगवेगळं उतरतं. म्हणजे नऊवारीत दोन पाय असतात. सहावारीत चालताना घेर हलतो, नऊवारीत पाय हलतात. मला त्या क्षणी कळलं की चूक एका पट्ट्याची नव्हती. चालच चुकली होती. आजी झपाझप चालणारी बाई, तिला आम्ही घेरात अडकवून ठेवलं होतं. दोनशे चाळीस चित्रांपैकी एकही वाचवता आलं नाही.

आता यात मला सगळ्यात बोचलेली गोष्ट सांगतो. कासोट्याचा पुरावा फोटोत होता! निऱ्यांच्या खाली, दोन घोट्यांच्या मधे, कापड वर ओढलेलं दिसत होतं आणि मागच्या पायरीची कड त्या फटीतून दिसत होती. घेर असता तर ती कड झाकली गेली असती. आम्ही तो फोटो महिनाभर भिंतीवर लावून ठेवला होता, आणि ती फट कुणी वाचली नाही. शीटवर समोरचं चित्र ज्या ठसठशीत रेघेने काढलं होतं, त्याच रेघेने मागचंही काढलं होतं. अ‍ॅनिमेटरने दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवला. तो का ठेवणार नाही?

तेव्हापासून आमच्याकडे शीट दोन रंगांत काढतात. फोटोत दिसतं ते निळ्या पेन्सिलीने, दिसत नाही ते लाल. आणि प्रत्येक लाल रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहायचं की ती कशावरून काढली. "घोट्यांमधली फट", "खोचलेला पदर", किंवा सरळ "अंदाज". "अंदाज" लिहिलेली रेघ उरली असेल तर शीटवर सही होत नाही. एक तर फोटोत पुरावा शोधायचा, नाहीतर माणूस शोधायचा.

पदराचंच बघा. पदर डाव्या खांद्यावर आहे आणि त्याचं टोक उजव्या कमरेला पुढे खोचलंय, एवढं समोरून दिसतं. याचा अर्थ तो खांद्यावरून मागे गेला, पाठीवरून तिरका उतरला आणि उजव्या बगलेखालून पुढे आला. पाठीवरचा तिरका पट्टा आपल्याला दिसला नाही, पण तो तिथेच असणार. ही लाल रेघ मी बिनधास्त काढतो. मात्र मागच्या चित्रात आजींचा डावा खांदा आपल्याही डावीकडे येतो, हे लक्षात ठेवा. समोरच्या चित्रात तो आपल्या उजवीकडे असतो. पाठीचं चित्र काढताना घाईत समोरचं चित्र तसंच खाली ठेवून गिरवलं की पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि पात्र वळताक्षणी पदर खांदा बदलतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता शीट हातात आली की मी चेहरा नंतर बघतो, पदर आधी.

आयोजकांनी चिठ्ठी दिलीय, दहा मिनिटं राहिली. बाजूच्या चित्राबद्दल बोलायला आलो होतो खरं तर, तेव्हा आता भराभर घेतो.

बाजूचं चित्र काढण्याआधी फोटो कुठून काढलाय ते शोधा. आमचा फोटो जुन्या, वरून खाली डोकावून बघायच्या कॅमेऱ्याचा असावा. तसा कॅमेरा पोटाशी धरतात. फोटोत शेजारची भिंत मागे जात होती. वरचे विटांचे थर मागे जाताना खाली उतरत होते, खालचे वर चढत होते, आणि मधला एक थर अगदी आडवा होता. तो थर ज्या उंचीवर, तीच कॅमेऱ्याची उंची. आमच्या फोटोत तो आजींच्या कमरेच्या रेषेत आला. म्हणजे चेहरा आपण खालून बघत होतो.

खालून बघितलं की कान खाली सरकलेले दिसतात, कारण ते चेहऱ्याच्या मागे आहेत. आमच्या फोटोत कान ओठांच्या पातळीला होते. ती उंची जशीच्या तशी बाजूच्या चित्रात नेली तर कान जबड्यावर येतो. खरा कान साधारण भुवई आणि नाकाच्या बुडाच्या मधे बसतो, डोक्याच्या मध्यापेक्षा थोडा मागे. फोटोतली उंची मोजून वापरायची नसते, आधी ती सरळ करून घ्यायची असते. आजकालच्या फोटोंत याचा भाऊ सापडतो. मोबाईल हात लांब करून धरला की नाकाचं टोक पन्नास सेंटिमीटरवर आणि कान बासष्टवर असतात. मग कान नाकाच्या मानाने पाचव्या हिश्शाने लहान येतात. तीन मीटरवरून काढला तर हा फरक चार टक्क्यांवर येतो. म्हणून निवडायला मिळालं तर लांबून काढलेला फोटो घ्या, चेहरा छोटा आला तरी चालेल.

दुसरं, कवटी. बाजूने डोकं जवळपास जितकं उंच तितकंच खोल असतं. फोटोत खोली दिसत नाही, म्हणून मुलं मागचा भाग कापून टाकतात आणि मग त्या सपाट डोक्यावर अंबाडा चिकटवतात. अंबाडा लाडूसारखा बाहेर येतो. आधी पूर्ण कवटी काढा, मग मानेच्या खळगीवर अंबाडा ठेवा. आमच्या फोटोत अंबाडा समोरून अजिबात दिसत नव्हता, केस मात्र कानांमागे घट्ट ओढलेले होते. म्हणजे तो डोक्याच्या आडोशाला, खाली मानेवर होता. ही लाल रेघ, पण पुरावा असलेली.

आणखी एक. पदर एकाच खांद्यावर असेल तर बाजूचं एक चित्र पुरत नाही. डावीकडून पदर दिसतो, उजवीकडून खोचलेलं टोक आणि उघडा दंड. तेव्हा तीनऐवजी चार चित्रं काढा, कागद वाया जात नाही.

तपासायचं कसं? चारही चित्रांतून डोक्याचा माथा, डोळे, हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा, जमीन अशा आडव्या रेषा एकाच पट्टीने न्या. मग समोरच्या चित्राची बाहेरची कड भरून काळी करा, कागद उलटा करून लाइटबॉक्सवर मागच्या चित्राखाली ठेवा. दोन्ही कडा जुळल्याच पाहिजेत, कारण शीट काढताना आपण पात्राकडे अगदी समोरून बघतोय आणि जवळ-लांबचा फरक ठेवलेला नाही. जिथे जुळत नाही तिथे एक बाजू खोटी आहे. शेवटी चारही चित्रं प्रत्येकी अर्धा सेकंद धरून फिरवून बघा. वळताना खांदा वर उडाला किंवा डोळे घसरले की लगेच कळतं.

आजींच्या नव्या शीटवर शेवटी एकच "अंदाज" उरला होता. पदराच्या खोचलेल्या टोकाजवळ फोटोत एक गडद डाग होता. आम्हाला तो फोटोवरचा ओरखडा वाटत होता, म्हणून शीटवर नुसती लाल गोल रेघ ठेवून आम्ही आत्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीशी नेला आणि म्हणाल्या, "किल्ल्या आहेत त्या. कोठीच्या. त्या वाजल्या की आम्हाला कळायचं आई आली." परत आल्यावर त्या मुलाने लाल गोलाच्या जागी जुडगा काढला, बाजूला "आत्या" असं लिहिलं, आणि उजव्या बाजूच्या चित्रात किल्ल्यांची लांबी किती ठेवायची हे विचारायला मला हाक मारली.