भाजणीवर भाजणी: तीस सेकंदांची जाहिरात

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवरच्या जाहिरातीत, तीस सेकंदांत किती बोलता येतं? मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर पन्नास-पंचावन्न शब्द. दुकानदार मात्र दीडशे शब्दांचा कागद घेऊन येतात. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ साली, पण कागद लांबवण्याची सवय अजून गेलेली नाही.

एका दिवाळीआधी पिंपळाच्या पाराजवळचे गिरणीवाले काका आमच्याकडे आले. कागदावर सगळं होतं: गहू, ज्वारी, बाजरी, डाळीचं पीठ, मिरची कांडप, घरपोच सेवा आणि दोन मोबाईल नंबर. शेवटी ‘आजच भेट द्या, फोन करा, किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा’. मी घड्याळ लावून वाचलं. बावन्न सेकंद!

मी तो मजकूर घाईघाईने तीस सेकंदांत बसवला, ध्वनिमुद्रित केला आणि शेजारच्या काकूंना त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकवला. मुद्दाम तिथेच, कुकरची शिट्टी चालू असताना. कारण रेडिओ तिथेच ऐकला जातो, स्टुडिओत नाही. मग विचारलं, “काकू, काय करायचं म्हणाले?” काकू म्हणाल्या, “फोन करायचा ना? पण नंबर कुठला?” दहा आकडे म्हणायला पाच-सहा सेकंद जातात, आणि पिठाच्या हातांनी ते कोण लिहून घेणार!

मग मी काकांना एकच विचारलं: दिवाळीआधी बायका तुमच्यावर कशासाठी चिडतात? काका चटकन म्हणाले, “चकलीच्या भाजणीत बाजरी आली म्हणून. आधीच्या डब्यातलं पीठ जात्यात राहतं, ते पुढच्याच्या डब्यात पडतं.” मिळाली जाहिरात! शनिवारी सकाळी फक्त भाजणी दळायची, असं काकांनी ठरवलं. (विकतच्या तयार भाजणीला घरच्या धण्या-जिऱ्याचा वास येत नाही, असं माझं ठाम मत आहे. असो.) मग हे लिहिलं:

(गिरणीचा आवाज, दोन सेकंद, मग बंद)
पहिली: अगं, माझ्या भाजणीत ही बाजरी कुणाची?
दुसरी: तुझ्या आधी ज्याचा डबा होता, त्याची!
निवेदक: पिंपळपाराजवळची गिरणी. या शनिवारी सकाळी आठ ते दुपारी एक, फक्त भाजणी. ना बाजरी, ना ज्वारी. भाजणीवर भाजणी!
पहिली: भाजणी भाजली, गार केली, डबा भरला.
निवेदक: शनिवारी सकाळी डबा घेऊन पिंपळपाराजवळच्या गिरणीत या.
दुसरी: कधी म्हणालात?
निवेदक: शनिवारी सकाळी. डबा घेऊन या. पिंपळपाराजवळची गिरणी.

ऐकलंत? करायचं काम एकच: डबा घेऊन या. फोन नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. डबा घेऊन या. ते दोनदा आलं, ‘शनिवारी’ तीनदा आणि गिरणीची जागाही तीनदा. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचतो, ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. घर क्रमांक नको, सगळ्यांना ठाऊक असलेला पार पुरतो. ‘गार केली’ हे काकांनी हट्टाने घालायला लावलं, कारण गरम भाजणी जात्याला चिकटते. आणि गिरणीचा आवाज बोलणं सुरू होताच बंद केला. बोलण्याखाली सतत संगीत वाजवत ठेवणं मला मुळीच पटत नाही. त्यात जोडाक्षरं बुडतात.

काकूंना पुन्हा ऐकवलं, पुन्हा शिट्टी चालू असतानाच. त्या म्हणाल्या, “शनिवारी डबा न्यायचा. पण थांबा, माझी भाजणी अजून भाजायची आहे!” म्हणून जाहिरात बुधवारपासूनच लावली. भाजायला आणि गार करायला वेळ मिळायला हवा ना.

शनिवारी साडेनऊला डब्यांची रांग पारापर्यंत गेली होती. प्रत्येक डबा घेताना काका विचारत होते, “रेडिओवर ऐकलंत का?” हो म्हटलं की पाटीवर खडूची एक रेघ. जाहिरातीने माणसं आणली की दिवाळीने, हे त्या रेघांवरूनच कळतं.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. जाहिरातीच्या कागदावर शेवटच्या प्रसारणाची वेळ लिहायची राहिली, आणि जाहिरात शनिवारी दुपारी तीनलाही वाजली. चार वाजता एक बाई रिक्षा करून डबा घेऊन आल्या, आणि जात्यात तेव्हा बाजरी चालू होती. काकांनी बाजरी उतरवली, स्वतःचे मूठभर तांदूळ दळून जातं साफ केलं आणि मग त्यांची भाजणी घातली. तेव्हापासून वार सांगणारी जाहिरात लिहायला घेतली की मी कागदावर सगळ्यात वर लिहितो: ‘शेवटचं प्रसारण, शनिवार, सकाळी सात.’