सावित्रीच्या पुलाची चौकट

नमस्कार श्रोतेहो.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीला पूर आलेला, वर पाऊस आणि सगळीकडे अंधार. मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल कोसळला आणि मुंबईकडे निघालेल्या काही गाड्या नदीत गेल्या. ही बातमी पहाटे ज्यांच्या टेबलावर आली, त्यांना ‘काय समजलं आणि काय समजलेलं नाही’ अशी दोन भागांची चौकट लिहायची होती. मी बरीच वर्षं बातम्यांच्या टेबलावर काम केलं आहे. अशी चौकट कशी लिहावी हे नव्या मुलांना सांगताना मी हाच प्रसंग घेतो, म्हणून आज तुमच्याशीही त्याबद्दलच बोलतो.

पहिल्यांदा, त्या रात्री कोणी नेमकं काय पाहिलं? पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाला पुलावर गेलेल्या गाड्यांचे दिवे एकाएकी दिसेनासे झालेले दिसले आणि त्यामुळे धावपळ सुरू झाली, असं नंतर पुढे आलं. त्यानं पाहिलं ते इतकंच. एसटीची गाडी नदीत पडताना त्यानं पाहिली नव्हती. एसटीच्या लोकांना जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन गाड्या पुढच्या स्थानकात पोहोचल्याची नोंद मिळत नव्हती, आणि गाड्यांतल्या कुणाशी संपर्क होत नव्हता. आता चौकटीत काय लिहाल? ‘दोन एसटी गाड्या वाहून गेल्या’ असं लिहायला हात शिवशिवतो, आणि पुढे ते खरंही ठरलं. पण त्या पहाटे तो तर्क होता. चौकटीच्या पहिल्या भागात यायला हवं ते असं: ‘या दोन गाड्या पुढच्या स्थानकात पोहोचलेल्या नाहीत, त्यांच्याशी संपर्क होत नाही.’ आणि दुसऱ्या भागात: ‘त्या गाड्या नदीत पडल्या का?’ जयगडच्या गाडीत ज्याचा भाऊ बसला आहे, त्याला ही दोन वाक्यं वेगवेगळी ऐकू येतात. त्याच्यासाठी ती वेगळी ठेवायची.

दुसरी गोष्ट पुलाचीच. सावित्रीवर त्या ठिकाणी दोन पूल होते, शेजारी-शेजारी. नवा पूल उभाच होता. पडला तो जुना, मुंबईकडे जाणाऱ्या वाहनांचा. ‘सावित्रीवरचा पूल कोसळला’ एवढंच सांगितलं, तर गोव्याकडे निघालेल्या माणसाच्या घरचे उगाच घाबरे होतात. ‘जुना’ हा एक शब्द चौकटीतून गळला की स्थानकांवर आणि पोलिसांकडे फोन सुरू होतात, आणि ज्यांना खरंच विचारायचं असतं त्यांचे फोन लागत नाहीत.

आता आकड्याकडे येतो, कारण चौकट बिघडते ती बहुतेक वेळा आकड्यावरच. सुरुवातीला सांगितला गेला तो आकडा २२. हे २२ म्हणजे दोन्ही एसटी गाड्यांतले लोक, चालक-वाहक धरून. त्यात खासगी गाड्यांतलं कुणीच नव्हतं. पण ऐकताना काय होतं? ‘२२ जण बेपत्ता’ असं कानावर पडलं की माणूस समजतो, दुर्घटनेतले सगळे मिळून २२. म्हणून आकड्याच्या अलीकडे-पलीकडे तो कशाचा आहे हे लिहायचं. आणखी खोलात गेलं तर एसटीचा आकडाही पक्का म्हणता येत नाही. आरक्षणाची यादी आगारात मिळते, पण वाटेत हात दाखवून चढलेला प्रवासी कळतो तो वाहकाच्या तिकीट यंत्रावरून, आणि ते यंत्र गाडीतच असतं. हे कारण चौकटीत लिहायला एक ओळ लागते: ‘वाटेत चढलेल्यांची नोंद वाहकाकडे असल्यामुळे हा आकडा वाढू शकतो.’ ऐकणाऱ्याला ती ओळ नीट समजते, आणि उद्या आकडा बदलला तर तो दचकत नाही.

खासगी गाड्यांचं तर कुठलंच रजिस्टर नसतं. पूल ओलांडणारी गाडी कोणाची, तिच्यात किती जण, हे कळतं ते घरच्यांनी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात फोन केल्यावर. एका तवेरा गाडीचं नाव नंतर पुढे आलं. फोनवरून वाढणाऱ्या अशा यादीत एकाच माणसाची नोंद दोनदा होऊ शकते, एकदा मुलानं केलेली, एकदा मेव्हण्यानं. तेव्हा ‘बेपत्ता’ आणि ‘बेपत्ता असल्याच्या तक्रारी’ हे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवायचे.

मृतांच्या संख्येचंही तसंच. सावित्री बाणकोटजवळ समुद्राला मिळते, आणि खाडीच्या एका काठाला रायगड जिल्हा, दुसऱ्या काठाला रत्नागिरी. मृतदेह वाहत दूरवर, समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले. एक या जिल्ह्यात सापडला, दुसरा त्या जिल्ह्यात. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांत मिसळले की एकच मृतदेह दोनदा मोजला जातो, नाहीतर राहून जातो. चौकटीत लिहायचं: ‘सायंकाळी ६ पर्यंत सापडलेले मृतदेह’, आणि पुढे कोणत्या जिल्ह्याच्या प्रशासनानं सांगितलं ते. ‘आतापर्यंत’ हा शब्द मी स्वतः खोडतो. ऐकणारा रात्री नऊ वाजता ऐकतोय की सकाळी सात वाजता, ते त्या शब्दाला माहीत नसतं.

मराठीत एक धोका आहे, तो आपल्या क्रियापदांत दडलेला आहे. ‘असल्याचे समजते’, ‘भीती व्यक्त होत आहे’, ‘सांगण्यात आले’. कोणाला समजते? भीती कोण व्यक्त करतंय? या वाक्यांत माणूसच नसतो. चौकटीत असं वाक्य आलं की मी ते लिहिणाऱ्याला विचारतो, ‘हे तुला कोणी सांगितलं?’ उत्तर आलं, ‘तहसीलदारांनी’, तर तसं लिही. उत्तर आलं, ‘सगळ्या वाहिन्यांवर चाललंय’, तर ते वाक्य पहिल्या भागातून काढ. सगळ्या वाहिन्यांनी एकाच माणसाचं ऐकलेलं असू शकतं.

दुसऱ्या भागातली वाक्यं प्रश्नाच्या रूपात लिहावीत, आणि उत्तर कोण देऊ शकेल तेही सांगावं. ‘कारण अस्पष्ट आहे’ यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘पूल पुराच्या लोंढ्यानं पडला, की आधीच खचला होता? हे अभियंत्यांनी पाणी ओसरल्यावर पायाची पाहणी केल्याशिवाय कळणार नाही.’ हे ऐकल्यावर आज संध्याकाळी उत्तराची वाट बघायची नाही, एवढं तरी समजतं.

रेडिओवर चौकट दिसत नाही. म्हणून आम्ही दोन भागांच्या मध्ये थांबतो, आणि दुसऱ्या भागात प्रत्येक प्रश्नाआधी ‘हे अजून कळलेलं नाही’ असं पुन्हा म्हणतो. अर्ध्यातून रेडिओ लावणाऱ्याला ‘गाड्या नदीत पडल्या’ एवढंच ऐकू येऊ नये, यासाठी.

शेवटी बदलाबद्दल. सावित्रीत पहिली एसटी सापडायला आठवड्याहून जास्त दिवस लागले. तोवर तो प्रश्न रोजच्या चौकटीत राहायला हवा होता, बातमी मागच्या पानावर गेली तरी. आणि ज्या दिवशी उत्तर मिळालं, त्या दिवशी वाक्य गुपचूप वर सरकवायचं नाही. सांगायचं: ‘कालपर्यंत आम्ही म्हणत होतो की गाडी कुठे आहे ते कळलेलं नाही. आज ती नदीच्या पात्रात सापडली आहे. दुसरी गाडी अजून सापडलेली नाही.’