तीन डिस्क बदलल्या, तरी फाइली बिघडतच राहिल्या

माझ्या कॉम्प्युटरवरची एक मोठी झिप फाइल एके दिवशी उघडेना. चेकसम जुळत नाही, एवढाच निरोप. मी डिस्कला दोष दिला आणि नवी डिस्क आणली. दोन आठवडे सगळं सुरळीत होतं, मग दोन व्हिडिओ अडखळायला लागले. पुन्हा नवी डिस्क, या वेळी दुसऱ्या कंपनीची. महिन्याभरात तोच प्रकार! तिसरी डिस्क बसवताना मात्र मनात आलं, वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या तीन डिस्क एकाच पद्धतीने कशा बिघडतील? दर वेळी बरं वाटत होतं, कारण नव्या डिस्कवर सुरुवातीला फाइली थोड्या असतात आणि त्यातली बिघडलेली फाइल आपण लगेच उघडत नाही.

डिस्क बिघडते तेव्हा ती बहुधा तसं सांगते. प्रत्येक सेक्टरसोबत, म्हणजे डिस्कवरच्या ठरावीक मापाच्या तुकड्यासोबत, चूक ओळखायचे आणि दुरुस्त करायचे जादा बिट साठवलेले असतात. सेक्टर वाचता आला नाही, तर ती चुकीचा मजकूर गुपचूप हातात देत नाही, वाचता येत नाही असा एरर देते. तशी नोंद स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी वही ठेवते तिच्यात, दिसते: `Reallocated_Sector_Ct`, `Current_Pending_Sector`. माझ्या तिन्ही डिस्कवर हे आकडे शून्य होते. डिस्कचं फर्मवेअरच चुकीचं असण्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही, पण तिन्हींत तेच? डिस्कपासून मदरबोर्डपर्यंतच्या साटा केबलवरही प्रत्येक पॅकेटसोबत सीआरसी हा पडताळणीचा आकडा जातो, म्हणजे तिथली चूकही पकडली जाते. राहता राहिली साधी रॅम. कॉपी होताना प्रत्येक बाइट तिथून जातो, आणि ईसीसी, म्हणजे चूक पकडायचे जादा बिट असलेली रॅम, नसेल तर तिथे तपासणारं कोणी नाही.

मग मी एक चांगली चार जीबीची फाइल घेतली, त्याच मशीनवर तिच्या बऱ्याच कॉपी केल्या, आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. तुलना त्याच मशीनवर केली असती, तर संशयितालाच पंच नेमल्यासारखं झालं असतं. मूळ फाइल तिथे आधीपासून होती. तीन कॉपी वेगळ्या निघाल्या, आणि प्रत्येकीवर `cmp -l` चालवल्यावर एकेकच ओळ आली. त्या तीन ओळी एकाखाली एक ठेवतो:

```
 734005926 101 141
1912601254 204 244
2684426918  13  53
```

पहिला आकडा बाइटचा क्रमांक, मग मूळ किंमत, मग बिघडलेली. किंमती अष्टमान पद्धतीत आहेत. 101 चं 141, 204 चं 244, 13 चं 53. दर वेळी फरक बरोबर 40 चा, म्हणजे एकच बिट, तोही तोच, आणि दर वेळी शून्याचा एक झालेला. चार जीबीत एक बिट! डिस्क सेक्टरच्या हिशोबाने चालते, ती अशी एका बिटाची चिमूट घेत नाही.

आता पहिला स्तंभ. क्रमांक एकपासून मोजलेत, म्हणून एक वजा करा आणि 4096 ने भागा. तिन्हींची बाकी 2725 येते. हे मी रात्री दोन वाजता पाहिलं आणि खुर्चीतून उठलो. फाइल रॅममध्ये 4096 बाइटच्या पानांनी बसते. फाइलमधली जागा दर वेळी वेगळी असली, तरी पानातली जागा तीच, म्हणजे रॅममधल्या कुठल्यातरी एका पानात 2725 व्या बाइटचा एक बिट एकवर अडकलेला असणार. फाइलचा जो तुकडा त्या पानात उतरेल आणि ज्याचा तो बिट शून्य असेल, तो बिघडणार. म्हणूनच बऱ्याच कॉपी धड निघाल्या.

रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला. पहिली फेरी स्वच्छ गेली, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात. मी रात्रभर चालू ठेवला. सकाळी लाल ओळी होत्या: पत्त्याचा शेवट `aa0`, अपेक्षित सगळी शून्यं, सापडलं `0000200000000000`. `aa0` म्हणजे 2720, आणि त्या आठ बाइटांच्या शब्दात चूक शून्यापासून मोजून पाचव्या बाइटवर. 2720 आणि पाच, 2725.

तरीही रॅमची पट्टी लगेच फेकायची नसते. आधी बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने पळवणारी सेटिंग, बंद करून मूळ वेगावर चाचणी घ्या. चूक गेली, तर पट्टी कदाचित ठीक आहे, तिला जास्त पळवलं जात होतं. मग एकेक पट्टी एकटी तपासा, आणि चूक दाखवणारी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पुन्हा पाहा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी वाईट, स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. माझी पट्टीबरोबर गेली.

सगळ्यांचा दोष रॅममध्येच असेल असं मात्र समजू नका. बिघाडाचा आकार पाहा. एकटा बिट न जाता 512 किंवा 4096 बाइटचा अख्खा तुकडा गेला असेल, तिथे शून्यं किंवा भलत्याच फाइलचा मजकूर असेल, तर मी डिस्क ज्याला जोडलेली असते त्या कंट्रोलरकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे वळतो. डिस्क न बदलता पोर्ट बदला: कार्डावर असेल तर मदरबोर्डवर, आणि केबलही नवी. स्मार्टमधला `UDMA_CRC_Error_Count` आधी लिहून ठेवा. तो कधी शून्यावर येत नाही, म्हणून आकडा किती आहे याला अर्थ नाही, वाढतोय का ते पाहायचं. वाढत असेल तर केबल, जोड किंवा पोर्ट. सर्व्हरसाठी बनलेली कंट्रोलर कार्डं घरच्या डब्यात वाऱ्याअभावी तापतात, तेव्हा त्यांच्यावर एक पंखा रोखून बघायला काही जात नाही.

पॉवर सप्लाय सर्वांत फसवा, कारण मेमटेस्ट चालतो तेव्हा डिस्क निवांत असतात आणि भार नसतोच. फिरत्या डिस्कला सुरू होताना 12 व्होल्टवर साधारण दोन अँपिअर लागतात. एकाच वायरवर स्प्लिटर लावून चार-पाच जोडल्या की व्होल्टेज क्षणभर बसतं. 11.4 च्या खाली ते जायला नको, पण साध्या मल्टिमीटरला ती क्षणाची बुडी दिसत नाही. तिची खूण दुसरीकडे मिळते. मशीन बंद न करताही एखाद्या डिस्कचा `Power_Cycle_Count` वाढतोय का आणि लॉगमध्ये `hard resetting link` येतंय का, ते बघा. दोन्ही दिसत असतील तर वीज तुटतेय. आधी स्प्लिटर काढा, डिस्क वेगवेगळ्या वायरींवर वाटा, आणि तरी थांबलं नाही तर सप्लाय उसना आणून लावा.

माझ्याकडे पट्टी बदलल्यावर नवा बिघाड थांबला, पण जुना तसाच डिस्कवर होता. त्याहून वाईट म्हणजे बॅकअपही त्याच रॅममधून गेलेला होता. ती बिघडलेली पट्टी बसवण्याच्या आधीचा एक जुना बॅकअप कपाटात सापडला. त्याच्याशी ताडून पाहिलं तेव्हा अकरा फाइली वेगळ्या निघाल्या. नऊ त्यातून परत आल्या. दोन मी मधल्या काळात स्वतः बदलल्या होत्या, त्यांत कुठला बिट माझा आणि कुठला रॅमचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.